नॉर्वेला शिकायला चाललात? आधी तिथला दिवस किती तासांचा असतो ते स्वतः काढून बघा

मी ऑगस्टच्या मध्यावर त्रोन्हाइमला उतरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि सूर्य नुकता मावळत होता. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पुण्यात रात्रीचा एक, ती झोपेतच म्हणाली, "अगं अजून दिवसच आहे की तिथे, मग जेवलीस का नाही?" तेव्हा लय भारी वाटलं होतं. दोन महिन्यांनी सकाळी सव्वाआठच्या लेक्चरला जाताना सूर्य जेमतेम उगवत होता, आणि नोव्हेंबरात साडेतीनला लायब्ररीच्या खिडकीबाहेर अंधार पडला तेव्हा मला खरंच वाटलं की आपलं घड्याळ बिघडलंय.

निघण्यापूर्वी मला सगळ्यांनी थंडीचं सांगितलं. थर्मल घे, जॅकेट तिथेच घे, मसाले इथून ने. उजेडाचं कोणीच नाही सांगितलं. आणि खरं सांगते, थंडीवर कपडे असतात, उजेडाचं गणित मात्र आधी कळलं तरच उपयोग, म्हणून हे लिहितेय. उदाहरण त्रोन्हाइमचंच घेते कारण ते मला पाठ आहे, पण रीत कुठल्याही गावाला चालते.

पहिलं काम: आपल्या गावाचा आकडा काढा

सगळा खेळ अक्षांशाचा. पुणे साडेअठरा अंशांवर, त्रोन्हाइम ६३.४ वर. पृथ्वीचा आस २३.४४ अंश कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या तेवढाच उत्तरेला आणि तेवढाच दक्षिणेला जाऊन येतो, ज्याला आपण शाळेत उत्तरायण-दक्षिणायन म्हणून शिकलो तेच. आपण जितके उत्तरेला तितका या येण्याजाण्याचा परिणाम मोठा, आणि तो सरळ रेषेत वाढत नाही, साठ अंशांच्या पुढे एकदम उसळतो.

एक्सेल किंवा गुगल शीट उघडा. B1 मध्ये अक्षांश टाका, B3 मध्ये वर्षातला कितवा दिवस ते टाका (१ जानेवारी म्हणजे 1, २१ डिसेंबर म्हणजे 355). B2 मध्ये पहिलं सूत्र, ते त्या दिवशी सूर्य किती अंश उत्तरेला-दक्षिणेला आहे ते देतं, आणि B4 मध्ये दुसरं, ते दिवसाची लांबी तासांत देतं.

```
B2: =23.44*SIN(RADIANS(360*(284+B3)/365))
B4: =24/PI()*ACOS((SIN(RADIANS(-0.833))-SIN(RADIANS(B1))*SIN(RADIANS(B2)))/(COS(RADIANS(B1))*COS(RADIANS(B2))))
```

पुण्यासाठी 18.5 आणि 355 टाकलंत की ११ तास येतील. त्रोन्हाइमसाठी 63.4 टाका, साडेचार येतील. जूनसाठी 172 टाका: पुणे १३ तास आणि वर थोडी मिनिटं, त्रोन्हाइम साडेवीस तासांच्या वर. म्हणजे पुण्यात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात फरक दोन-सव्वादोन तासांचा, तिथे सोळा तासांचा. जे नॉर्वेला चाललेले नाहीत त्यांच्यासाठी: डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवस म्युनिकला साधारण सव्वाआठ तासांचा, लंडनला पावणेआठच्या थोडा वर, एडिंबराला सातचा. जर्मनीत पण अंधार असतो म्हणून रडणाऱ्या मित्राला हे दाखवा.

सूत्रातला तो -0.833 कुठून आला? हवेमुळे प्रकाश वाकतो, त्यामुळे सूर्य खरं तर क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसतो, शिवाय उगवला असं आपण बिंबाची वरची कड दिसली की म्हणतो, मधला बिंदू नाही. पुण्यात या दोन्हींमुळे दिवस सात-आठ मिनिटांनीच वाढतो कारण सूर्य तिथे सरळ वर चढतो. त्रोन्हाइमला डिसेंबरात सूर्य क्षितिजाला घासत तिरपा चालतो, त्यामुळे तेवढ्याच अंशाला जास्त वेळ लागतो आणि अख्खा अर्धा तास फुकट मिळतो. सूत्रातला तो भाग काढून बघा, साडेचारचे चार होतील.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. B2 चं सूत्र सोपं केलेलं आहे, ऑक्टोबरच्या आसपास ते एखाद अंशाने चुकतं, पुण्यात काही कळणार नाही पण त्रोन्हाइमला त्याने पाव तासाचा फरक पडतो. प्लॅनिंगला चालतं, नेमकी वेळ हवी तर yr.no वर गावाचं नाव टाका, तिथे सूर्योदय-सूर्यास्त दिलेले असतात. आणि अक्षांश 69.65 टाकून, म्हणजे पार उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सो शहराचा, 355 दिलंत तर शीट #NUM! दाखवेल. घाबरू नका, शीट बरोबर आहे. तिथे त्या दिवशी सूर्य उगवतच नाही, मग त्याची लांबी कुठून काढणार. 172 टाकलं तरी #NUM! च येईल, पण उलट कारणाने, सूर्य मावळतच नाही.

मग वेग बघा, हा खरा दणका

आता B3 मध्ये एकेक तारीख टाकत जा. १५ ऑगस्टला सव्वासोळा तासांच्या आसपास, १५ ऑक्टोबरला दहाच्या आसपास, १५ नोव्हेंबरला सातपेक्षा कमी. लोक डिसेंबरला घाबरतात पण डिसेंबरात दिवस जवळजवळ थांबलेला असतो. पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, रोज साधारण सहा मिनिटांनी, म्हणजे आठवड्याला पाऊण तास. पुण्यात त्याच काळात रोज एकेक मिनिट कमी होतं, आपल्याला ते जाणवतही नाही, दिवाळीत "आजकाल लवकर अंधार पडतो नाही" एवढंच म्हणतो.

त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. शनिवारी साडेपाचच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी साडेचारला मावळतो. सकाळ थोडी बरी होते, संध्याकाळ मात्र एका रात्रीत गायब. (भारताशी फरकही साडेतीनचा साडेचार तास होतो, घरी फोनची वेळ ठरलेली असेल तर आधी सांगून ठेवा, माझे बाबा तासभर फोन घेऊन बसले होते.)

माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट महिना नोव्हेंबर. बर्फ नीट पडलेला नसतो, रस्ते ओले काळे, आभाळ भरलेलं, आणि परीक्षा तोंडावर. डिसेंबर-जानेवारीत बर्फ साचला की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही परत फेकला जातो आणि गाव एकदम उजळ वाटतं. म्हणून ज्या सवयी लावायच्या त्या सप्टेंबरातच लावा, नोव्हेंबरात सुरू करू म्हणालात तर पलंगातून उठवणार नाही तुम्हाला.

सूर्य किती वर येतो आणि खिडकी कुठे आहे

साडेचार तासांचा दिवस म्हणजे साडेचार तास ऊन असं समजू नका. दुपारी सूर्य सगळ्यात वर किती असेल ते तोंडी काढता येतं: ९० मधून अक्षांश वजा करा, मग डिसेंबरसाठी अजून २३.४ वजा करा. पुणे: ४८ अंश. त्रोन्हाइम: ३ अंश आणि किंचित. हात लांब करून तीन बोटं क्षितिजावर आडवी धरा, पाच अंश होतात, सूर्य त्याच्याही खालीच राहतो. मी साडेपाच फुटांच्या आतली आणि बर्फावर माझी सावली जवळपास २८-३० मीटर लांब, एसटी बसच्या दुप्पट-अडीचपट.

म्हणजे समोर एखादी टेकडी, चार मजली बिल्डिंग किंवा देवदाराची रांग असली की संपलं. नॉर्वेत रुकान नावाचं गाव आहे, त्रोन्हाइमच्या खूप दक्षिणेला, पण दरीत. तिथे सप्टेंबर ते मार्च गावात ऊनच येत नाही, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले आणि गावाच्या चौकात ऊन पाडलं. शीट तिथे सहा तासांचा दिवस सांगेल, डोंगर नाही म्हणतो. शीटला डोंगर दिसत नाहीत.

त्यामुळे होस्टेलची रूम निवडायची संधी मिळाली तर खिडकी कुठल्या दिशेला ते विचारा. आपल्याला सवय पूर्वेची. आई म्हणालीच होती, पूर्वेची खिडकी बघ गं. पण त्रोन्हाइमला डिसेंबरात सूर्य पूर्वेला उगवत नाही, जवळजवळ दक्षिणेला उगवतो आणि थोडं सरकून दक्षिणेलाच मावळतो. हिवाळ्यात ऊन हवं तर दक्षिणेची खिडकी, आणि तीही वरच्या मजल्यावर. जूनमध्ये उलट, सूर्य जवळजवळ उत्तरेतून उगवतो आणि उत्तरेतच मावळतो. माझी रूम उत्तरेची होती. हिवाळाभर एक किरण नाही, आणि जूनमध्ये पहाटे साडेतीनला थेट उशीवर ऊन.

संधिप्रकाशाचा हिशोब विसरू नका

ही चांगली बातमी. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतो तोवर बाहेर दिव्याशिवाय चालता येतं, माणसं ओळखू येतात. पुण्यात हा उजेड वीस-पंचवीस मिनिटं टिकतो आणि मग दिवेलागण. त्रोन्हाइमला डिसेंबरात सूर्य तिरपा चालत असल्यामुळे तोच उजेड प्रत्येक बाजूला सव्वा तास टिकतो. सूर्य दहाला उगवून अडीचला मावळला तरी कामापुरतं साधारण पावणेनऊ ते पावणेचार दिसतं. शीटमध्ये -0.833 च्या जागी -6 टाका, सात तास येतील. त्रोम्सोला तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तरी दुपारी काही तास आकाश निळं-जांभळं होतं. या काळाला तिकडे मर्केतिद म्हणतात, म्हणजे अंधाराचा काळ, पण चोवीस तास काळाकुट्ट असं ते नसतं.

हिवाळ्याची तयारी, क्रमाने

निघण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी इथेच करून घ्या. सूर्य इतका खाली असला की त्यातले त्वचेला लागणारे किरण हवेतच अडतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च उन्हात उभं राहूनही शरीर ड जीवनसत्त्व बनवत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. नॉर्वेजियन लोक चमचाभर ट्रान घेतात, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल. शाकाहारी असाल तर गोळी. मोठ्यांसाठी तिथली शिफारस रोज १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ४०० युनिट. इथून ६०,००० युनिटच्या त्या आठवड्याला एक पुड्या डझनभर भरून नेऊन मनाने खाऊ नका, त्या कमतरता निघाल्यावर डॉक्टरने ठरवून द्यायच्या असतात, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं.

दुसरं, दुपारचा एक तास कॅलेंडरवर ब्लॉक करा. कुठला ते घड्याळाच्या बारावरून ठरवू नका. नॉर्वेचं घड्याळ पंधरा अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि त्रोन्हाइम साधारण साडेदहावर आहे, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य डोक्यावर (डोक्यावर कसला, नाकासमोर) सव्वाबाराला येतो. साडेअकरा ते एक या वेळात जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडा, ढग असले तरी. बाहेरचा ढगाळ उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा सहसा जास्त असतो, फक्त आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. मी पहिल्या वर्षी सकाळी अंधारात लॅबमध्ये शिरायचे, तिथेच जेवायचे, अंधारातच बाहेर पडायचे, आणि आठवड्यातून चार दिवस सूर्य न बघता जायचे. काहीतरी बिघडतंय हे कसं कळलं? झोप रात्री दोनच्या आधी येईना, सकाळचे तीन अलार्म ऐकूच येईनात, आणि दिवसभर गोड खायची इच्छा. हे लक्षात आलं तर तिसऱ्या आठवड्याची वाट बघू नका.

तिसरं, लाइट थेरपीचा दिवा. १०,००० लक्स लिहिलेलाच घ्या, आणि ते लक्स किती अंतरावर मोजलेत ते डब्यावर बघा, काही स्वस्त दिवे तेवढे लक्स अगदी नाकाला लावल्यावर देतात. उठल्यावर तासाभरात, वीस ते तीस मिनिटं, समोर किंवा थोडा बाजूला ठेवून चहा पीत बसा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. संध्याकाळी लावलात तर झोप अजून पुढे ढकलली जाईल, ही चूक मी केली, रात्री आठला दिवा लावून अभ्यास. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल, जेवण-अंघोळ-क्लास सुटायला लागलं, तर दिव्यावर विसंबू नका, युनिव्हर्सिटीच्या आरोग्य केंद्रात जा.

चौथं छोटं पण जीव वाचवणारं. तिथे लोक जॅकेटला एक चमकणारी पट्टी लटकवतात, रेफ्लेक्स म्हणतात तिला. गडद कपड्यातला माणूस गाडीवाल्याला २५-३० मीटरवरून दिसतो, रेफ्लेक्स असेल तर १४० मीटरवरून. बऱ्याच ठिकाणी फुकट वाटतात, घ्या आणि गुडघ्याच्या उंचीला लटकवा कारण गाडीचा दिवा तिथे पडतो. बुटांना लावायचे खिळेवाले रबरही घ्या, अंधारात काळा बर्फ दिसत नाही.

मग उजेड परत येतो, आणि झोप जाते

लहानपणी ऐकलेलं असतं की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. वाढतो तो खरं तर २२ डिसेंबरनंतरच, पण त्रोम्सोमध्ये सूर्य गणिताने नेमका १५ जानेवारीच्या सुमारास क्षितिजावर डोकं काढतो, म्हणजे संक्रांतीलाच! डोंगरांमुळे गावातून २१ जानेवारीला दिसतो, आणि त्या दिवशी लोक सूलबोल्ले खातात, जाम भरलेले तळलेले गोल बन. मी माझ्याकडचे तिळाचे लाडू नेले होते, एका नॉर्वेजियन मुलीने विचारलं की हेही सूर्यासाठीच का, म्हटलं अगदी.

मार्चपासून तीच सहा मिनिटं रोज परत मिळतात. एप्रिलच्या शेवटी रात्री नऊला उजेड असतो आणि तुम्हाला वाटतं की आता सुटलो. जूनच्या उत्तरार्धात त्रोन्हाइमला सूर्य साडेअकराच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास उगवतो, आणि मधल्या वेळात क्षितिजाखाली तीन-सव्वातीन अंशांपलीकडे जातच नाही, म्हणजे रात्रभर संधिप्रकाश. अंधार हा प्रकार नसतोच. मग होतं असं की संध्याकाळी सात वाजलेत समजून तुम्ही स्वयंपाक करायला घेता आणि घड्याळात साडेदहा.

इथे उपाय हिवाळ्याच्या उलटे. काळे पडदे लावा, कडेने उजेड झिरपतो म्हणून पडदा खिडकीपेक्षा रुंद घ्या किंवा कडांना टेप मारा. भाड्याच्या रूममध्ये पडदा बदलू देत नसतील तर पुठ्ठा कापून काचेला लावला तरी चालतो, मी पिझ्झाचे खोके वापरले. जेवणाची वेळ घड्याळाला बांधा, आकाशाला नाही. रात्री नऊनंतर बाहेर फिरायला जाणार असाल तर गॉगल, लोक हसले तर हसू दे.

संकष्टी करणाऱ्यांसाठी एक सूचना. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र हिवाळ्यातल्या सूर्यासारखा खाली असतो, काही महिन्यांत तो त्रोन्हाइमला उशिरा, जेमतेम उगवतो किंवा उगवतच नाही. माझ्या एका मैत्रिणीने पहाटे दोनपर्यंत वाट बघितली. आजी म्हणाली, पुण्याचा चंद्रोदय धर आणि जेव बाई.

मध्यरात्रीचा सूर्य बघायचा असेल तर

त्रोन्हाइमला तो दिसत नाही, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास किंवा वर जावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे बोडो. त्रोन्हाइमहून थेट ट्रेन आहे, ७२९ किलोमीटर, दहाएक तास, वाटेत साल्टफ्येलेटच्या पठारावर आर्क्टिक वृत्त ओलांडते. बोडो ६७.३ अंशांवर आहे आणि तिथली गंमत अशी की मध्यरात्रीचा सूर्य साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर दिसतो, पण गणिताने पूर्ण सूर्यहीन असा एकही दिवस तिथे नाही. प्रकाश वाकतो ना, तोच -0.833 इथे उन्हाळ्यात मदत करतो आणि हिवाळ्यातही.

जागा निवडताना उत्तरेचं क्षितिज मोकळं हवं, समुद्राकडे असेल तर उत्तम. गावात बसून दक्षिणेकडे बघत राहिलात तर नुसता उजेड दिसेल, सूर्य नाही. आणि बाराला जाऊन बारा-पाचला परत येऊ नका. उन्हाळ्याच्या घड्याळामुळे बोडोला सूर्य सगळ्यात खाली रात्री एकच्या सुमारास असतो, तोवर तो तिरपा उतरत राहतो आणि मग न बुडता उजवीकडे वर चढायला लागतो. तो वळणारा क्षण बघायचा तर साडेबारा ते दीड. जाकीट घ्या, ढग आले तर दुसऱ्या रात्रीची सोय ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या रात्री आभाळ उघडलं. एक वाजता मी आईला फोन लावला, भारतात साडेचार, ती उठून गॅसवर दूध ठेवत होती आणि तिच्या मागच्या खिडकीत मिट्ट काळोख. मी कॅमेरा समुद्राकडे फिरवला. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा उगवतोय का मावळतोय?"